डावी पोटरी

लेकीच्या बाळंतपणाचा बारावा दिवस. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावी तिला माहेरपणाला आणलं होतं. मालिशवाली रोज सकाळी यायची, बाळाला न्हाऊ घालायची, बाळंतिणीला तेल लावून शेक द्यायची. त्या दिवशी तिने उजवा पाय चोळला, डावा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"हा पाय मी नाई चोळत, बाई. त्या पायापेक्षा फुगेल हाय, गरमबी लागते. डाक्टरले दाखवा."

मी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. समोरच्याला दुरुस्त करायची खोड अजून गेली नाही, आणि तोंडही तिखट. म्हटलं, "बाळंतिणीचे पाय सुजतातच. वातानं धरला असन. तुले काय समजते त्यातलं? चोळायचा कंटाळा आला म्हण ना."  ती तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवून बाळाच्या कामाला लागली.

मग मीच चोळला. कोमट तिळाचं तेल, चांगला जोर लावून, खालून वर. लेक म्हणायची, "आई, दुखून राह्यली पोटरी." मी म्हणायची, "दुखते म्हणूनच चोळते, सहन कर." दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी सूज गुडघ्याच्या वर चढली, पाय लालसर तुकतुकीत दिसू लागला आणि तिला तो जमिनीवर टेकवता येईना.

नांदुऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांच्याकडे बाळंतपण झालं होतं, आधी साधा टेप काढला आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटर जास्त. "दोन्ही पाय सुजले असते तर मी वेगळं काही शोधलं असतं," त्या म्हणाल्या. "एकच सुजला की शिरेत गाठ आहे असं धरूनच चालायचं. बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठतं, त्यात झोपून राहणं. आत्ताच्या आत्ता खामगावला जाऊन डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करा, तिला चालवू नका."

बाळाला बघायला आलेल्या जावयाने गाडी काढली. खामगावच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी आम्हाला आत बसू दिलं. त्यांनी जांघेत जेल लावलं, यंत्र टेकवलं आणि हलकेच दाबलं. पडद्यावर दोन काळे गोल होते. "हा धडधडतो ती धमनी, तो दुसरा शीर. निरोगी शीर दाबली की मिटते." इथे ती मिटली. तसंच दाबत दाबत ते मांडीवरून खाली आले आणि गुडघ्याच्या मागे थांबले. पुन्हा दाबलं, पण शीर काही मिटेना. मग त्यांनी रंग चालू केला. धमनीत लाल रंग ठोक्यागणिक भरत होता. शिरेत निळा भरायला हवा होता. तिथे नुसतं करडं, आणि कडेने निळ्याची एक बारीक रेघ.

"ही गाठ. रक्त कडेकडेने वाट काढतंय," ते म्हणाले. "हिचा तुकडा सुटला तर सरळ फुफ्फुसात जातो. श्वास लागतो, जीवही जाऊ शकतो. पाय कुणी चोळला का?"

 शेजारी जावई होते, आणि मी म्हटलं, "मालिशवाली येते ना रोज."

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं. मला आजही त्या खोलीत परत जावंसं वाटत नाही.

लगेच दवाखान्यात भरती केलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटावर सुरू झाली. बाळाला पाजायला हरकत नाही म्हणाले. मी उशाशी बसून तिचे श्वास मोजायची. तिला साधा ठसका लागला तरी नर्सला बोलवायला धावायची. माझ्याच हाताने तिला मारून बसले असते, हा एकच विचार डोक्यात. पाचव्या दिवशी सूज उतरू लागली. काही महिने गोळ्या घ्यायच्या, असं सांगून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी मालिशवालीच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"पोरगी कशी हाय?" तिने आधी तेच विचारलं.

"आता बरी आहे."

तिने सूप बाजूला ठेवलं. "तुमच्या जावयाचा फोन आल्ता. लई बोलला. पोरगी मारून टाकत होती म्हणला, घराची पायरी चढू नको म्हणला."

मला खाली बघवेना, वर बघवेना. "मग तू सांगितलं नाहीस त्यांना? तूच आधी म्हणाली होतीस म्हणून?"

"म्या काऊन सांगू? तुमच्या तोंडून तिकडं गेलं, तुमीच सांगसान." आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मी तिथेच, तिच्या दारात उभी राहून जावयाला फोन लावला. त्यांनी उचलला. मी म्हटलं, "तिने पाय दाखवा म्हणून सांगितलं होतं. ऐकलं नाही ते मी. चोळला तोही मीच."