उपासाला चालणारी गोळी

नवरात्रात काय चालतं नि काय नाही, हे आमच्या लालबागच्या घरात मी ठरवते. का, ते कुणाला माहीत नाही. धाकटी जाऊ श्रावणापासून वजन उतरवायच्या गोळ्या घेत होती. ग्रीन टीचा अर्क, तिच्या जिममधल्या ट्रेनरने दिलेला. डबीवर बारीक अक्षरात ‘जेवणाबरोबर घ्या’ असं होतं. तिने घटस्थापनेला विचारलं, "ताई, नऊ दिवस या चालतील?"

"पानच आहे ना चहाचं? घे की."

मग ती सकाळी रिकाम्या पोटी दोन आणि संध्याकाळी रिकाम्या पोटी दोन अशा घेऊ लागली. पाचव्या दिवशी तिला भूक लागेना, मळमळायला लागलं. आम्ही म्हटलं, गोळी लागू पडली. सातव्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. आठव्या दिवशी मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. पिवळ्या रंगाचा दिवस कधीच होऊन गेला होता.

सासूबाई म्हणाल्या, "कावीळ आहे. माळ घालून आणू."

"माळ दसऱ्याला घालू," मी म्हटलं आणि तिला टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेलं.

यकृताचे आकडे भलतेच चढले होते. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काही निघालं नाही, सोनोग्राफीतही काही सापडलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही औषधं घेता?"

"छे," जाऊ म्हणाली.

खोटं बोलत नव्हती बिचारी. तिच्या लेखी तो चहा होता. मी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली.

"उपाशीपोटी घेत होत्या?"

"हो. मीच सांगितलं होतं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाल्या, कपातला चहा वेगळा, हा दाबून भरलेला अर्क. बहुतेकांना काही होत नाही, पण क्वचित कुणाचं यकृत बिघडतं आणि रिकाम्या पोटी धोका वाढतो. गोळ्या आजपासून बंद, पुन्हा कधीच नाहीत. रक्त गोठायला वेळ लागू लागला किंवा ही गुंगीत बडबडायला लागली, तर यकृत बदलण्यापर्यंत जाईल.

"ती एरवीही बडबडते," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

चार दिवस रोज रक्त तपासलं. गोठण्याचा आकडा हलला नाही, आणि पाचव्या दिवशी बाकीचे उतरायला लागले. डोळे पांढरे व्हायला दीड महिना गेला. तोवर मी घरात तोंड जरा मिटूनच होते.

बरी झाल्यावर ती रिपोर्टची फाइल घेऊन जिममध्ये निघाली. मीही गेले. ट्रेनर म्हणाला, "मॅडम, इतक्या जणांना देतो, कुणाला काही झालं नाही."

"मला झालं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "पहिल्या पानापासून वाच. मोठ्याने."