एका विहिरीच्या दोन पाळ्या

परतूरजवळच्या आमच्या गावात आता मोट राहिली नाही, तरी मोटेच्या चाकाची कुरकुर माझ्या कानातून जात नाही. लोक म्हणतात, म्हातारीला भास होतात. होतात, कबूल आहे. पण ते का होतात हे विचारायला कुणाला सवड नसते.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे आणि चुलतसासरे वेगळे होऊन थोडेच दिवस झाले होते. जमीन वाटली, बैलं वाटली, विहीर मात्र वाटता येईना म्हणून ती सामायिक राहिली. दोन बाजूंना दोघांच्या दोन मोटा. दिवाळीपर्यंत पाणी तुडुंब, तेव्हा दोन्ही चालायच्या. पौष लागला की झरे मंदावायचे आणि एकाच मोटेपुरतं पाणी उरायचं. मग कुणाची मोट आधी, यावरून दोघे भाऊ मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, धावेवर, उभे राहून एकमेकांची सात पिढ्यांची उजळणी करायचे.

आमच्याकडे परतूरच्या बाजारासाठी मिरची-वांगी होती. खालच्या अंगाला त्यांचा गहू. एकदा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि धाकट्या सासूबाई, म्हणजे चुलतसासूबाई, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी धुणं धूत होत्या. मी पिळे वाळत घालत होते. आत्याबाईंनी सहज विचारलं, "तुमच्या गव्हाला इतकं पानी कशापाई लागतं गं?"

"रोज कुठं लागतं बाई? पंधरा दिवसातून एक डाव. पन सलग तीन-चार दिवस पायजे. पाट एकदा वाळला की निम्मं पानी पाटच पितो."

"आमच्या मिरचीला थोडंच लागतं, पन चार दिसाच्या वर दम निघत न्हाई."

धुणं संपायच्या आत त्या दोघींनी तोड काढली. गव्हाच्या वेळी त्यांची मोट सलग चालावी, मधले सगळे दिवस आमची. त्या चार दिवसांत मिरची कोमेजली तर थारोळ्यातून घागरी नेऊन घालाव्यात. खर्च काही नव्हता. फक्त आपली गरज दुसऱ्यापुढे बोलून दाखवायची होती आणि तो शब्द पाळेल यावर भरवसा टाकायचा होता. बायकांना हे जमलं. पुरुषांना त्यातच मरण आलं.

मामा, माझे सासरे, ऐकून म्हणाले, "आज चार दिवस देऊ, उद्या म्हनंल विहीर माझीच. माझा अर्धा हक्क हाय. तो मी अदालतीतून घेईन."

आणि दोघे अदालतीत गेले. पेशीमागून पेशी पडत गेली. ऐन पेरणीत तारीख निघायची, दोघे एकाच वाटेने जायचे आणि एकमेकांकडे न बघता परत यायचे. माझ्या अंगावरचा एक डागिना त्यात गेला. त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते याचं, की वकिलांनी दोन्ही भावांना शिकवलं, बाहेर बोलायचं नाही, बोललेलं उद्या विरुद्ध जाईल. थारोळ्याशी दोघी जावा यायच्या आणि मुकाट धुणं धुऊन जायच्या.

शेवटी अदालतीचा अमीन येऊन विहीर बघून गेला आणि फैसला झाला. निजामाचं राज्य होतं, म्हणून तो उर्दूत होता. गावातल्या मौलवीसाहेबांनी वाचून मराठीत सांगितला: दोघांचा हक्क बराबर, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. न्याय बिलकुल चोख होता. पण दिवसाआड पाण्यात त्यांचा पाट दर खेपेला नव्याने कोरडा पडायचा आणि गहू तसाच तहानलेला. आमच्या मिरचीला एवढं पाणी नकोच होतं, तरी मामा आपल्या दिवशी मोट चालवायचेच. हक्क सोडायचा कसा? मिरचीची मुळं कुजली आणि खाली गहू पिवळा पडला. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता. आजही येतो.

गहू जातोय म्हटल्यावर चुलतसासऱ्यांनी आपल्या मेव्हण्याला बोलावलं. तो शेजारच्या गावचा पोलीस पाटील. काठ्या घेतलेली चार माणसं विहिरीवर उभी करून आमच्या दिवशी त्यांनी आपली मोट लावली. मामांनी पुन्हा अदालतीत जायचं तर तोवर हंगाम संपला असता. ते घरी आले. मग म्हणाले, "फैसला माझ्या घरात अन् पानी त्याच्या पाटात. जोरच पायजे त मंग जोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मोटेवर माझा चुलतदीर होता. माझ्याच वयाचा. भांडणात कधी पडला नाही, मी दिसले की अजूनही "वैनी, भाकर खाल्ली का?" म्हणायचा. बैलं धावेवरून उताराला लागली की हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर बसतो. त्याच्या वजनाने बैलांना हलकं जातं. तसा तो बसला. मोट काठापर्यंत आली आणि नाडा तुटला. मोट खाली पडल्याचा आवाज आला. बैलं पुढे कोलमडली. दीर पाठीवर पडला तो धावेच्या दगडांवर.

तो वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं.

सांजेला विळा घ्यायला मी कोनाड्यात हात घातला. पात्याला अंबाडीचे धागे चिकटले होते. नाडा अंबाडीचाच होता. मागे मामा उभे होते. ते म्हणाले, "भरतानाच तुटंल वाटलं व्हतं. मोट पान्यात पडंल, काम थांबंल. एवढंच." ते मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. मला त्यांची कीव आली आणि त्यांच्या हातचं पाणीही नको वाटलं.

पुढे आमची कडब्याची गंजी जळाली. कुणी जाळली ते सगळ्यांना माहीत होतं. आमचे हे कुऱ्हाडीला धार लावायला लागले. विहिरीवर कुणीच जाईना. पाणी मात्र भरत होतं, कारण उपसायला कुणी नव्हतं.

आत्याबाईंनी एक दिवस मला दिराकडे पेज घेऊन पाठवलं. त्यांच्या दारात कुणी मला अडवलं नाही. त्याची बाज विहीर दिसेल अशी टाकली होती. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "वैनी, मिरचीला किती दिवसाआड पानी लागतं?"

मी सांगितलं. त्याने त्यांच्या गव्हाचं सांगितलं. जे थारोळ्याशी ठरलं होतं तेच शब्दाला शब्द पुन्हा ठरलं. "बाबाला मी सांगतो," तो म्हणाला. "तुमी तुमच्या घरी सांगा. नाडा मी पाह्यला वैनी. निम्मा कापलेला हाय. पन आता कुनाला काई करायचं न्हाई." त्याला कुणी नाही म्हणू शकलं नाही. नाही म्हणायचं तर त्याच्या पायांकडे बघून म्हणावं लागलं असतं.

पुढच्या साली गहू चांगला आला. धाकट्या सासूबाईंनी नव्या गव्हाच्या पोळ्या आमच्याकडे पाठवल्या. मामांनी ताटातली पोळी उष्टावलीसुद्धा नाही. त्या विहिरीचं पाणीही ते मरेपर्यंत प्याले नाहीत. आमचे हे मोट हाकायचे, पण नाड्यावर कधी बसले नाहीत. बैलांच्या बाजूने चालत जायचे.

मी रिकामी टोपली परत द्यायला गेले तेव्हा दीर बाजेवर डोळे मिटून चाकाची कुरकुर ऐकत होता. त्याने विचारलं, "काकानं पोळी खाल्ली का?"

"खाल्ली," मी म्हटलं.

"मंग बरं झालं," तो म्हणाला, आणि चाक थांबेपर्यंत तिकडे कान देऊन पडून राहिला.