डोक्याकडून मोजलेले पाय

आमच्या सोलापुरातल्या बागवाल्यांच्या ग्रुपवर अनेकपायी प्राणी आला की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मी काही कॉलेज पाहिलेलं नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढं टॉवेलच्या कारखान्यात झालरीला गाठी मारत आयुष्य गेलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरी बसले, गच्चीवर चार कुंड्या ठेवल्या आणि कुंडीखाली जे जे निघालं ते ते बघत बसले. बघता बघता कळायला लागलं, एवढंच माझं शिक्षण.

एकदा ग्रुपवर एका गृहस्थांनी न्हाणीतला फोटो टाकला, खाली 'सापाचं पिल्लू, कुणी पकडायला येईल का?' आणि पुढं हात जोडलेली चार चित्रं. मी म्हटलं, अहो, हा पैसा, कुणी वाणीही म्हणतं. हात लावलात की गोल वेटोळं करून नाण्यासारखा पडून राहील. त्या दिवसापासून मी त्या खात्याची मंत्री झाले.

माझे नियम तीन. पहिला, पाय. गोमेला अंगाच्या एका कडीला पायांची एकच जोडी. पैशाला एका कडीला दोन जोड्या. दुसरा, अंग. गोम चपटी, पट्टीसारखी, पाय दोन्ही बाजूंना फाकलेले. पैसा गोल, पेन्सिलीसारखा, पाय पोटाखाली झालरीसारखे. तिसरा, मिशा. गोमेच्या लांब, पुढं चाचपडत जाणाऱ्या. पैशाच्या आखूड, मध्ये वाकलेल्या, नुसत्या टकटक करणाऱ्या. लोक विचारतात, 'चावतं का?' तर गोम चावते. तोंडाखाली तिची पहिली जोडी विषाच्या नांग्यांची असते. पैसा चावत नाही, फार तर वास मारणारा रस सोडतो. तो हाताला किंवा डोळ्याला लागला तर झोंबतो.

एवढ्या तोऱ्यात सांगितल्यावर पुढची गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. पण सांगतेच.

माझी भाची मंद्रूपजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. अंगणवाडीच्या मागं नुसता मुरूम होता. तिनं तिथं तीन वर्षं खपून परसबाग केली. मेथी, पालक, कढीपत्ता, एक शेवगा. मुलांच्या खिचडीत बागेतली भाजी पडते, हा तिचा मोठा अभिमान. पाऊस झाला की ती चिंचेखालचा पाला आणून वाफ्यांवर पसरते, म्हणजे ओल टिकते. यंदा त्या पाल्याखाली काय तरी वळवळलं आणि नातवाला न्यायला आलेल्या एका म्हातारीनं पाहिलं. ती गोमेच्या तिकडच्या नावानं ओरडली, "घोण! घोण! पोरं चावून मरतील की!"

त्याच दिवशी ग्रामपंचायतीचे एक सदस्य आले. त्यांनी भाचीला सांगितलं, उद्या सकाळी किडे मारायची पावडर टाकतो, पाला पेटवतो, आणि पुढं तिथं फरशीच करून टाकू.

संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मावशी, फोटू पाठवलाय. गोम न्हाय म्हणलं की झालं. बगा की लवकर."

"अगं, आधी बघू तर दे."

"तुमी न्हाय म्हणा आदी, मग बगा!"

मी चष्मा चढवला. फोटो हलका हललेला होता. अर्धा प्राणी पाल्याखाली, डोक्याकडचा अर्धा बाहेर. रंग काळपट तपकिरी, कडांना पिवळसर ठिपके. आणि अंग चपटं! पैसा कुठं चपटा असतो? मी फोटो मोठा केला आणि डोक्यापासून कड्या मोजल्या. एका कडीला एक जोडी. पुढच्या कडीला एक जोडी. त्याच्या पुढच्याही कडीला एकच. म्हटलं, संपलं. दोन पुरावे एका बाजूला झाले.

ग्रुपवर मी ठसक्यात लिहिलं, 'गोम आहे. मुलांना दूर ठेवा.' भाचीलाही तेच पाठवलं. तिनं वाचलं. नुसत्या दोन निळ्या खुणा. त्या खुणांकडे बघून मला कसंतरी झालं, पण खोटं कसं बोलायचं?

आमच्या ग्रुपवर एक भाऊ आहेत, त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्मभर बाटल्या पुसल्या आणि त्या बाटल्यांमधलं सगळं पाठ झालं. माझी चूक सापडली की त्यांना सणासारखं होतं. अर्ध्या तासानं त्यांचा फोन.

"ताई, मिशा बघितल्या का?"

"अंग चपटं आहे, भाऊ."

"मी मिशा विचारल्या."

"पाय एकेक जोडी आहेत. मोजलेत मी."

"बरं. पण मिशा?"

मी परत फोटो उघडला. मिशा होत्या. आखूड. टोकाला किंचित जाड, जरा वाकलेल्या. गोमेच्या मिशा अशा नसतात. तिच्या बारीक निमुळत्या होत जातात, दोऱ्यासारख्या. "आखूड आहेत," मी कबूल केलं.

"आता बोला," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लाडू फुटत होते. "पैसा सगळा गोलच असतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? चपट्या पाठीचे पैसेही असतात. कडीच्या दोन्ही बाजूंना पंखासारखे कंगोरे निघालेले असतात, म्हणून वरून चपटे दिसतात."

"पण पाय? पाय तर एकेक जोडी!"

"कुठून मोजलेत?"

"डोक्यापासून. मग कुठून मोजायचे?"

ते जे हसले ते मला अजून ऐकू येतं. म्हणाले, पैशाच्या मानेच्या कडीला पायच नसतात, आणि तिच्या मागच्या तीन कड्यांना एकेकच जोडी असते. दोन जोड्या त्याच्याही मागं सुरू होतात. "ताई, तुम्ही बरोबर मोजलंत, पण नेमकं चुकीच्या ठिकाणी. माणसाचे दात मोजायला गेलात आणि बाळाच्या तोंडात बघितलंत."

मला राग आला. आपण बरोबर मोजूनही चुकलो याचा राग फार वाईट असतो, कुणावर काढावा तेच कळत नाही. तो मी भाऊंवर थोडा काढला. मग भाचीला फोन लावला.

"काय आता?" ती रडवेली होती. "पाला गोळा करायला लागलेय मी. उद्या पेटवणारच हायेत."

"थांब. बाई, मी बहुतेक चुकले."

"मावशी, तुमचं 'बहुतेक' मला नको. काय करू ते सांगा."

"काचेचा ग्लास घे. त्या प्राण्याला हात लावू नकोस, कागदानं ग्लासात ढकल. ग्लास उजेडाकडं धर आणि खालून फोटो काढ, पोटाचा. डोकं नको मला. मधला भाग पाहिजे. आणि शेपटाकडचाही एक."

"व्हय," ती म्हणाली, "आणि तो पळाला तर?"

"पळाला तर गोम! पैसा काय पळणार, तो रांगतो."

अर्ध्या तासात चार फोटो आले. एकात तिचा अंगठाच होता. तिसरा मात्र असा की सोनाराकडचा वाटावा. डोक्यासकट पोटाखालचे सगळे पाय स्वच्छ दिसत होते. मधल्या एका कडीवर मी नखाचं टोक ठेवलं. डाव्या बाजूला दोन पाय. उजव्या बाजूला दोन. पुढची कडी, परत दोन-दोन. मी चार कड्या मोजल्या, मग विश्वास बसेना म्हणून अजून सहा. प्रत्येकीला दोन जोड्या, झालरीला सारख्या गाठी माराव्यात तशा. चौथ्या फोटोत शेपटाकडचे पायही बाकीच्यांसारखेच होते. गोमेची शेवटची जोडी लांब, मागं ओढत नेल्यासारखी दिसते. ती इथं नव्हती.

ग्रुपवर लिहिलं, 'मी चुकले. हा चपट्या पाठीचा पैसा आहे. मी डोक्याकडून मोजलं.' भाऊंनी लगेच अंगठा दिला. ग्रुपमधल्या एका बाईनं हसून लोळणारं चित्र पाठवलं. मी फोन उशीखाली ठेवला.

पण ग्रुपवर चूक कबूल केल्यानं मंद्रूपकडची बाग वाचत नव्हती. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघाले.

पोचले तेव्हा सदस्य पावडरीची पिशवी घेऊन मोटारसायकलवर बसलेलेच होते. बाजूला ती म्हातारी अक्का, आणि भाची ओढणीचं टोक चावत उभी.

मी सगळं सांगितलं. सदस्य म्हणाले, "मावशी, काल तुमीच गोम म्हणला. आज पैसा म्हणताय. उद्या काय, गोगलगाय?"

"काल मी चुकीच्या जागी मोजलं."

"आन् आज बरोबर जागी मोजलं हे मी कसं मानू?"

बिचाऱ्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी फोन सदस्यांना न देता अक्कांच्या हातात दिला. बोट कसं फिरवायचं ते दाखवलं, फोटो मोठा केला.

"अक्का, तुम्हीच मोजा. मधल्या कडीचे पाय."

अक्कांनी फोन नाकाला लावला आणि मंद्रूपकडच्या सवयीनं कानडीत मोजायला लागल्या. "वंद, यरड, मूर, नाकु." पुढची कडी. "वंद, यरड, मूर, नाकु." सदस्य वाकून बघायला लागले तर अक्कांनी त्यांच्या हातावर चापट मारली. "थांब की रं! इसरायला लागतंय." मग त्या उलट डोक्याकडे गेल्या. "हितं मात्र एकच जोडी हाय. ह्याला का कमी दिलं?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं, "पण मी तिथंच फसले."

अक्कांनी फोन खाली केला. "लई येडी हाय तू," त्या मला म्हणाल्या. मग सदस्यांकडे वळून, "घोण न्हाय ही. म्या मोजलंय. पिशवी घेऊन जा."

"पण पोरांनी धरलं तर?"

"धरू नये," मी म्हटलं. "रस झोंबतो. धरलं तर साबणानं हात धुवावेत, डोळ्याला लावू नयेत. आणि पाला दारापासून लांबच्या वाफ्यांवर ठेवूया, पायाखाली नको." भाचीनं इतक्या जोरात मान हलवली की मला वाटलं तिचा अंबाडा सुटेल.

सदस्य अजून अडले. "मला वर सांगायला पाहिजे. लिहून द्या. शिक्का मारून."

शिक्का कुणाकडं होता? मी वहीचं पान घेतलं. लिहिलं: 'अंगणवाडीच्या बागेत सापडलेला प्राणी पैसा आहे. चावत नाही. मधल्या कड्यांना पायांच्या दोन जोड्या आहेत. धरल्यास हात धुवावेत.' खाली माझी सही. सदस्य कागद उलटा-सुलटा करून म्हणाले, "शिक्का न्हाय?"

"माझा अंगठा लाव," अक्का म्हणाल्या. "पाय म्या मोजलेत, ती न्हाय."

भाचीनं शाईचं पॅड आणलं. अक्कांनी अंगठा दाबून असा ठेवला की कागद टेबलाला चिकटला. सदस्यांनी पावडरीची पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली आणि ते कागदाची घडी करायला लागले. भाची म्हणाली, "थांबा, फोटू काढते." आणि मग तो कागद स्वतःकडे ठेवून त्यांना अक्कांचा अंगठा घेऊन दुसरी प्रत लिहून दिली. मूळ कागद अजून अंगणवाडीच्या भिंतीवर आहे, लसीकरणाचा तक्ता आणि वजनांचा चार्ट यांच्या मधोमध.