कोपऱ्यातला हत्ती

आमच्या घरात फुकटच्या चहाला बंदी होती. बाबा अंबडच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं वाटत. बोलणी करायला बोलावलं की साहेब आधी चहा मागवतो, आणि चहा पिणाऱ्याचा आवाज अर्धा उतरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते कपाला हात लावत नसत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच पत्रकांवर. त्यामुळे जगात कोणी काही उगाच देत नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

बुद्धिबळही बाबांनीच शिकवलं. क्लासला जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं. वाचनालयातलं एक फाटकं पुस्तक होतं, तेवढंच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकरोडला एका शाळेच्या हॉलमध्ये मुलींची जिल्हा निवड स्पर्धा होती. शेवटची फेरी उरली होती आणि संघात एकच जागा. मी जिंकले तर ती जागा माझी. बरोबरी झाली किंवा हरले, तर शेजारच्या पटावर आपला डाव आधीच संपवून बसलेल्या मुलीची. माझ्यासमोर होती शहरातल्या मोठ्या क्लबची मुलगी. तिची निवड पक्की झाली होती. या डावाशी तिला काही देणंघेणं नव्हतं, आणि नेमकी हीच गोष्ट मला खुपत होती. ज्याला गमवायचं काही नाही, त्याच्या मनात काय आहे हे कसं कळणार?

मी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते. कॅसलिंग करून राजा कोपऱ्याजवळ नेला होता. त्याच्यापुढचं प्यादं एक घर सरकवून, त्या मोकळ्या घरात, म्हणजे जी-सातवर, उंट बसवला होता. क्लबवाले त्याला फियानचेटो म्हणतात. तिथून उंट पटाच्या आरपार, थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या लांब कर्णावर नजर ठेवतो, आणि राजाभोवतीची काळी घरंही तोच राखतो. माझा वजीर मात्र दूर दुसऱ्या टोकाला होता. तिचं बी-दोनवरचं प्यादं खाऊन तो त्या घरातून बाजूला झाला होता, पण तिकडेच रेंगाळला होता.

तिने सी-तीनवरचा घोडा उचलला आणि डी-पाचवर ठेवला.

कर्ण मोकळा झाला. माझ्या उंटाच्या टोकाला, कोपऱ्यात, तिचा हत्ती उभा होता. उंटाने तो मारायचा, तिने दुसऱ्या हत्तीने उंट मारायचा. हत्तीचे पाच गुण, उंटाचे तीन. सरळ फायदा.

मागे कुजबुज सुरू झाली. शेजारच्या मुलीचे वडील खुर्चीतून उठलेच.

"सोडतेय ती! उघड सोडतेय!"

"काका, डाव चालू आहे," पंच म्हणाले.

"डाव कुठला? सेटिंग आहे साहेब हे."

माझे कान तापले. मला वाटलं, खरंच ही मला दान देतेय का? गरीब कॉलनीतली पोर, जाऊ दे तिला संघात, असं? त्या क्षणी तिचा मला शेजारच्या काकांपेक्षा जास्त राग आला. तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघून आपल्या खेळी लिहीत होती, चेहऱ्यावर काहीच नाही.

माझा हात उंटावर गेला होता, पण टेकला नव्हता. हात लागला तो मोहरा खेळावाच लागतो. मी हात मागे घेऊन मांडीखाली दाबला.

देणाऱ्याला काय मिळतं ते आधी बघ, बाबा म्हणायचे. मी हत्तीकडे बघणं सोडलं आणि माझ्या राजाकडे पाहिलं. उंट जी-सातवरून गेला आणि तिकडे कोपऱ्यात मारला गेला, तर इथे काय उरतं? एफ-सहा, जी-सात, एच-सहा. तिन्ही काळी घरं, तिन्ही उघडी. काळ्या घरांचा तिचा उंट ई-तीनवर होता, मागे डी-दोनवर वजीर. उंट एच-सहावर येणार, वजीर सी-तीनवर. माझ्या उंटाने सोडलेला तोच कर्ण आता तिचा, आणि पुढची खेळी जी-सातवर मात. मधे प्यादं घातलं तर डी-पाचवरचा घोडा ते खाणार. आणि माझा वजीर त्या टोकाला बसून बघणार.

म्हणजे हत्ती हा चहा होता.

मी हत्ती घेतला नाही. माझा स्वतःचा हत्ती एफ-आठवरून ई-आठवर सरकवला. तिच्या घोड्याने निशाण्यावर धरलेलं ई-सातचं प्यादं त्याने राखलं, आणि उंट पुढे कधी कोपऱ्यात मागे घ्यावा लागला तर एफ-आठवर हत्ती फुकट जाणार नव्हता.

मागून आवाज आला, "आता ही पण सोडतेय की काय?"

घेतला असता तर सेटिंग. घेतला नाही तरी सेटिंग.

तिने बराच विचार केला. मग सी-प्यादं पुढे करून कर्ण बंद केला. कोपऱ्यातला हत्ती वाचला, पण तिच्या वजिराचं सी-तीन हे घर तिनेच अडवलं. तिने उंट एच-सहावर आणला, अदलाबदल मागितली. मी माझा उंट एच-आठला, राजाशेजारच्या कोपऱ्यात ठेवला. तिथे त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं आणि एफ-सहा व जी-सात तो अजून राखत होता. मग ई-प्यादं एक घर पुढे करून तिचा घोडा हुसकावला, वजीर घरी आणला. पुढे वजिरांची अदलाबदल झाली. माझं एक प्यादं जास्त होतं, ते शेवटी कडेने चालत पलीकडच्या टोकाला पोचलं. तिने हार मानून हात पुढे केला.

शेजारचे काका पंचांच्या टेबलावर थाप मारत होते. "हत्ती मोकळा ठेवला होता तिने! सगळ्यांनी बघितलं! चौकशी करा."

पंचांनी काही बोलायच्या आत क्लबवाली मुलगी पटाकडे वळली. तिचे गाल लाल झाले होते. "मी सोडला म्हणता? थांबा." तिने भराभर मोहरे पुन्हा मांडले, घोडा डी-पाचवर ठेवला. "घ्या, काका. तुम्ही काळे. मारा हत्ती."

काकांनी मारला. तिने मारला. मग तिचा उंट एच-सहावर; त्याच्या माऱ्यातला हत्ती काकांनी एफ-आठवरून ई-आठवर नेला. मग तिचा वजीर. काकांनी घाईने एफ-प्यादं मधे घातलं. घोड्याने ते खाऊन शह दिला. काकांनी ई-प्याद्याने घोडा मारला. तिचा वजीर ते प्यादं खाऊन एफ-सहावर येऊन बसला.

"आता वाचवा जी-सात," ती म्हणाली.

काका पटाभोवती अर्धी फेरी मारून आले. त्यांची मुलगी जवळ उभी होती. तिचीच जागा गेली होती. ती हळूच म्हणाली, "पप्पा, मीही घेतला असता. चला आता."

पंचांनी निकालावर सही केली.

बाहेर नळावर पाणी प्यायला गेले तर क्लबवाली तिथेच होती. मी विचारलं, "हा डाव तुला काही उपयोगाचा नव्हता. मग एवढा सापळा कशाला?"

"मला जिंकायचं होतं," ती म्हणाली. मग तोंड पुसत, अगदी सहज, "आमचे सर म्हणतात, ज्यांना कोणी शिकवलेलं नसतं ते हत्ती दिसला की घेतातच."

"आणि मला कोणी शिकवलेलं नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

तिने माझ्या चपलांकडे पाहिलं. तेवढंच. मग तिला कोणीतरी हाक मारली.

बाबा फाटकापाशी सायकल धरून उभे होते. क्लबवालीचे वडील त्यांच्याशी बोलत होते, टपरीकडे हात करत. "मुलगी छान खेळली हो तुमची. चला, चहा घेऊ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी नकारार्थी मान हलवली. आम्ही सायकलवर बसलो.