दोन बी

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत मृणालिनी सप्रे सगळ्यांच्या ओळखीची होती. गल्लीतल्या बायका तिला 'कॅन्सरवाली मृणालिनी' म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणत. शहरातल्या एका कर्करोग रुग्णालयात ती समाजसेविका होती. डॉक्टर हिंदीत बोलत, कागद इंग्रजीत असत आणि काशीला आलेले मराठी यात्रेकरू दोन्हींपुढे गप्प उभे राहत. अशा वेळी वॉर्डातून हाक यायची, "सप्रेजी को बुलाओ." चार पिढ्या काशीत काढलेल्या घरात जन्मल्यामुळे तिचं मराठी घरातलं, स्वयंपाकघरातलं होतं. पण शब्दावर तिचा जीव होता. रोगाचे शब्द मराठीत कसे आणायचे यासाठी तिने एक वही केली होती. त्या वहीतल्या एका शब्दाने १९९४च्या जानेवारीत तिला अहिल्याबाई घाटावरच्या एका धर्मशाळेत नेलं. तिथे तिने जे पाहिलं ते पुढे कितीतरी दिवस तिला जेवताना आठवायचं.

इंदूबाई बऱ्हाणपूरच्या. वय बावन्न, विधवा. भाऊ विश्वेश्वर आणि भावजय गीता यांच्याबरोबर त्या काशीयात्रेला आल्या होत्या. पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली होती, तरी काशीत पुन्हा रक्त जायला लागलं. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने रुग्णालय दाखवलं. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि निदान झालं: गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. डॉक्टर रुची श्रीवास्तव यांनी कागदावर लिहिलं, स्टेज टू-बी, ग्रेड थ्री. पुढच्या सोमवारपासून सिकाई करायची होती. तिकडे रेडिएशनला सगळे सिकाईच, म्हणजे शेकच, म्हणतात.

विश्वेश्वर गुरुजी निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "बाई, आम्हाला हे मराठीत लिहून द्या. ताईला वाचून दाखवीन." त्या दिवशी बाहेर चाळीस माणसं खोळंबली होती. मृणालिनीने वही उघडली आणि घाईघाईने लिहून दिलं: 'आजार दुसरी पायरी, बी. पेशी तिसरी पायरी. सोमवारी सकाळी नऊला येणे.' गुरुजींनी कागदाची नीट घडी केली, नमस्कार केला आणि गेले.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी मृणालिनी स्वतःच निघाली.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की भर दुपारी रामनगरचा काठ नाहीसा झाला होता. गंगा चार हातांवर संपत होती. पाण्यावर कुठे नाव होती ते दिसत नव्हतं, नुसता वल्ह्याचा आवाज येत होता. धर्मशाळेच्या जिन्यात ओल्या कपड्यांचा आणि उदबत्तीचा वास होता. व्यवस्थापकाने वरच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाला, "अभी हैं. बस, आज-कल में."

खोलीचं दार उघडंच होतं. इंदूबाई जमिनीवर, दर्भ पसरून त्यावर घातलेल्या धाबळीवर निजल्या होत्या. डोक्याशी तुळस आणि गंगेचा गडू होता. कोपऱ्यात गीतावहिनी दोन पत्रावळी मांडत होत्या. माणसं तीन होती आणि पत्रावळी दोन.

"या बाई," गुरुजी उठले. डोळे सुजलेले होते. "ताई फार सोशीक होती. शेवटपर्यंत तिने कुणाला त्रास दिला नाही."

मृणालिनीने खाली पाहिलं. इंदूबाईंचे डोळे टक्क उघडे होते. त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"गुरुजी, त्या जाग्या आहेत."

"हो ना," गुरुजी शांतपणे म्हणाले. "काशीत येऊन गेली हे तिचं भाग्यच."

गीतावहिनी पाणी घेऊन आल्या ते इंदूबाईंना वळसा घालून, अंगावरून सावली जाऊ नये अशा बेताने. कुणी रडत नव्हतं. रडून झालं होतं. इंदूबाईंनी नऊ दिवसांत तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी याखेरीज जवळजवळ काही घेतलं नव्हतं. कुणी त्यांना घ्या म्हटलंही नव्हतं.

मृणालिनी त्यांच्यापाशी बसली. इंदूबाईंनी थंडगार हाताने तिचं मनगट धरलं आणि तिचा तळवा आपल्या पोटावर ठेवला.

"लागतंय का?" त्या कुजबुजल्या. "दोन आहेत. डावीकडचं रुजलंय. उजवीकडचं अजून निजलंय."

"काय, इंदूताई?"

"बी. तुम्हीच तर लिहिलंत. दुसरं बी."

तळव्याखाली खरंच काहीतरी ठकठक करत होतं, आतून, एका लयीत. मृणालिनीला हात काढून घ्यावासा वाटला, पण मनगटावरची पकड सुटत नव्हती. उपाशी, वाळलेल्या माणसाच्या पोटात मुख्य धमनीचे ठोके हाताला लागतात, हे रुचीबाईंनी तिला नंतर सांगितलं. त्या क्षणी ते तिला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी तिलाही वाटलं की आत काहीतरी कोंब काढतंय.

"गुरुजी, माझा तो कागद दाखवा."

कागद पोथीत ठेवलेला होता. तिचंच अक्षर होतं. खाली पेन्सिलीने, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं सुबक, लिहिलं होतं: २ + ३ = ५.

"हे काय आहे?"

"हिशोब अवघड नाही बाई," गुरुजी म्हणाले. "पायऱ्या एकंदर चारच असतात, असं तिथं रांगेतल्या माणसाने सांगितलं. चारच ना?"

"चार. पण..."

"आजाराच्या दोन चढलेल्या, पेशींच्या तीन. ताई पाचवीवर. इथे घाटावर बसून मी रोज बघतो. शेवटच्या पायरीच्या पुढे पाणीच असतं." ते थांबले. "मग सिकाई कुणाला द्यायची?"

मृणालिनीने ती बेरीज पुन्हा वाचली. बेरीज बरोबर होती. चूक होती ती तिच्या शब्दात. दोन वेगळ्या गोष्टींना तिने एकच नाव दिलं होतं, आणि ज्याला एकच नाव असतं त्याची माणूस बेरीज करतोच. त्यातून तिने शब्द निवडला होता पायरी, तोही काशीत.

"गुरुजी, चूक माझी आहे," ती म्हणाली. "या दोन्हींची बेरीज होत नाही. माणसाचं वय आणि त्याची उंची कुणी मिळवतं का? पहिला आकडा म्हणजे आजार कुठवर पसरलाय ते. ताईंचा पिशवीच्या तोंडाबाहेर, बाजूच्या भागात गेलाय. ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेला नाही. इंग्रजी अक्षर बी, ए-बी-सी-डीतलं, त्या दुसऱ्या अवस्थेतला पोटभाग दाखवतं. बी-बियाणं नव्हे. दुसरा आकडा वेगळाच आहे. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा त्यातल्या पेशी चांगल्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, ते त्यात कळतं. तीन म्हणजे खूप वेगळ्या. त्या चपळ असू शकतात. हे चांगलं नाही, मी खोटं सांगणार नाही. पण त्याने दुसरी अवस्था तिसरी होत नाही, की पाचवी."

"मग ताई..." गुरुजींचा आवाज फुटला. "ताई होती... आहे?"

"आहेत. किती बऱ्या होतील ते डॉक्टर सांगतील, ते मी सांगू शकत नाही. पण इलाज ठरला होता, तो करायचाच राहिलाय."

गीतावहिनींच्या हातातली पत्रावळ खाली पडली. कोणीच उचलली नाही. मग त्या भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागल्या. ते रडू दुःखाचं नव्हतं, गेलेलं माणूस परत आल्याच्या धास्तीचं होतं. ते ऐकताना मृणालिनीला पहिल्यांदा भीती वाटली ती या दोघांची.

इंदूबाईंना चालवेना. धर्मशाळेत खुर्ची नव्हती. शेवटी व्यवस्थापकाने एक लहान खाट दिली. दोघा नावाड्यांनी आणि गुरुजींनी ती उचलली, चौथा खांदा मृणालिनीचा. गल्लीतल्या धुक्यात ते दिसताच माणसं भिंतीला लागून उभी राहिली. दुकानदारांनी हात जोडले. कुणीतरी सवयीने म्हणालंही, "राम नाम..." तेवढ्यात इंदूबाईंनी मान उचलली आणि त्या माणसाकडे पाहिलं. तो मागच्या मागे पायरीवर बसला. पुढे गाईंनी अडवलेली वाट मोकळी होईपर्यंत खाट तिथेच थांबली, आणि तो माणूस तोंडावर हात ठेवून इंदूबाईंकडे बघत राहिला. त्याही त्याच्याकडे बघत राहिल्या.

रुचीबाईंनी पुन्हा तपासलं. "स्टेज वही है, टू-बी," त्या म्हणाल्या. "नौ दिन गए, पर मामला हाथ से नहीं गया. ग्रेड तीन है तो इलाज नहीं बदलता. पहले इन्हें खिलाइए." मग मृणालिनीकडे वळून त्यांनी विचारलं, "ये हुआ कैसे?" मृणालिनीने कागद पुढे केला. पेन्सिलीची बेरीज बघून रुचीबाईंनी तो कागद इंदूबाईंच्या फाइलला लावून ठेवला.

चार दिवस सलाईन, पेज आणि खिमट झालं. मग कोबाल्टची सिकाई सुरू झाली, आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे. नंतर पिशवीच्या तोंडाशी नळी ठेवून आतून देतात ती सिकाई. इंदूबाई रोज मशीनखाली जाण्याआधी विचारत, "शेकलेलं बी उगवत नाही ना?" मृणालिनी रोज सांगे, "बी नाहीच ताई, अक्षर आहे." त्या मान हलवत. पण त्यांनी ते कधी मानलं असं तिला वाटलं नाही.

त्या आठवड्यांत संध्याकाळी बसून मृणालिनीने वही पहिल्यापासून लिहून काढली. पायरी खोडली. 'टप्पा'ही खोडला, कारण टप्पा म्हटलं की पुढचा टप्पा येणारच असं वाटतं. आजाराच्या विस्ताराला 'अवस्था' लिहिलं. ग्रेडला तिने आकड्याआधी पूर्ण वाक्यच दिलं, 'पेशी किती बदललेल्या दिसतात', आणि शाळेतल्या श्रेणीसारखं वाटू नये म्हणून पुढे जोडलं: 'हे गुण नव्हेत, इथे एक म्हणजे कमी बदल, तीन म्हणजे जास्त.' रिपोर्टात कधी आकड्याच्या जागी येणाऱ्या एक्स या अक्षरापुढे लिहिलं: 'ही फुली नव्हे. तपासता आलं नाही, एवढाच अर्थ.' शून्यापुढे लिहिलं: 'तपासात आढळलं नाही.' आणि इंग्रजी अक्षर इंग्रजीतच काढायचं, देवनागरीत नाही, हे तिने लाल शाईने लिहिलं. कागद दिल्यावर माणसाला जाऊ द्यायचं नाही, आधी त्याच्या तोंडून ऐकायचं की त्याला काय समजलं, हा नियम मात्र तिने कुठे लिहिला नाही. तो ती विसरणं शक्यच नव्हतं.

एप्रिलमध्ये इंदूबाई बऱ्हाणपूरला निघाल्या. अंगावर मांस धरलं होतं, रक्त थांबलं होतं. रुचीबाईंनी दर तीन महिन्यांनी तपासणी सांगितली होती. स्टेशनवर गुरुजी सामान मोजत होते. इंदूबाईंनी मृणालिनीला बाजूला घेतलं.

"वहिनीने घरी पत्र लिहून माझी लुगडी वाटून टाकायला सांगितलं होतं. वाटलीसुद्धा."

"नवीन घ्या, ताई."

"घेईन. पण एक विचारू?" त्यांनी आवाज खाली आणला. "त्या खोलीत मी गेले होते, बरं का. तुम्ही दारात आलात तेव्हा मी वर आढ्यापाशी होते. खाली सगळे मला 'होती' म्हणत होते आणि ते खरं होतं. मग तुम्ही खाटेवर घालून जे आणलंत," त्या थांबल्या, "ते कोण आहे?"

मृणालिनीने त्यांचा हात हातात घेतला. आता तो ऊन होता.

गाडी सुटली. इंदूबाई खिडकीतून हसत होत्या आणि गीतावहिनी त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून बसल्या होत्या.

पुढची पाच वर्षं इंदूबाई तपासणीला येत राहिल्या, आधी भावाबरोबर, मग एकट्याच. ९९च्या मार्चमध्ये रुचीबाईंनी त्यांना सांगितलं की आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. मृणालिनीने ते वाक्य मराठीत सांगितलं आणि नेहमीसारखं विचारलं, "सांगा बघू, काय समजलं?"

"वर्षाने या," इंदूबाई म्हणाल्या. आणि पदर सारखा करून, कुणालाही न विचारता, एकट्याच बाहेर पडल्या.