जाहिराती बंद ठेवल्या ते दिवस

दिवाळी तोंडावर आली होती, शेतात भाताची कापणी चालू होती आणि आमच्या चारही खोल्या रिकाम्या होत्या. धसईच्या पुढे आमच्या शेतात आम्ही पाहुण्यांसाठी या खोल्या बांधल्या, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मुरबाडच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा जे पैसे हातात आले, ते सगळे विटा, पत्रे आणि न्हाणीघरात गेले. पावसाळ्यात धबधबे बघायला निघालेले लोक रस्त्यावरची पाटी बघून आपोआप आत वळले. पाऊस सरला आणि रस्ता ओस पडला.

आता सगळी भिस्त वेबसाइटवर होती. ती माझ्या मावसभावाने करून दिली होती आणि मग तो बेंगळुरूला नोकरीला गेला. तिची जाहिरात फोनवर चालवायचं काम कल्याणचा एक माणूस करायचा. तो दर सोमवारी मला आकडे पाठवायचा. किती जणांनी जाहिरात पाहिली, किती जणांनी बोट लावलं, किती जण वेबसाइटवर आले. आकडे चांगले होते. बुकिंग मात्र क्वचित एखादं, तेही ओळखीतून.

त्या सोमवारी त्याचा फोन आला. "ताई, ट्रॅफिक कमी पडतंय. दिवाळीच्या आधी बजेट डबल करा. आत्ता नाही केलं तर सीझन गेला."

"पण माणसं येतायत ना वेबसाइटवर?"

"येतायत की."

"मग जातात कुठे?"

"ते मला दिसत नाही ताई. माझं काम दारापर्यंत आणायचं."

फोन ठेवला आणि हिशेब मांडला. दुप्पट पैसे द्यायचे तर भातविक्रीचे पैसे हातात यायच्या आधीच त्यात जाणार. नाही दिले आणि दिवाळी कोरडी गेली, तर तो दोष माझा. मालक खळ्यावर होते. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तो रोज हेच काम करतो, त्याला कलतं. दे म्हणतो तर देऊन टाक." मी हो म्हटलं, पण पैसे पाठवायला हात होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेटपाशी एक गाडी उभी राहिली. ठाण्याहून आलेलं कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि काठी टेकत उतरलेल्या आजीबाई. नवरा म्हणाला, "आमचं बुकिंग आहे. वेबसाइटवर केलंय." त्याने फोन दाखवला. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, 'धन्यवाद, तुमची विनंती मिळाली.'

मला काहीच मिळालं नव्हतं. खोल्या झाडलेल्या नव्हत्या, घरात कोंबडी नव्हती, दूध सकाळीच संपलं होतं. मी हसून "या, या" म्हटलं आणि आत जाऊन केरसुणी उचलली. धावपळ करून मी त्यांचं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी जाताना आजीबाईंनी माझ्या पाठीवरून हातही फिरवला. पण ते गेल्यावरही मी एकच विचार करत होते. असे आणखी किती जण 'धन्यवाद' वाचून आमच्या फोनची वाट बघत बसले असतील, आणि शेवटी आम्हाला नावं ठेवून दुसरीकडे गेले असतील?

शेणव्याला माझी नणंद असते. मी जीप आणि एसटी बदलत तिच्याकडे गेले. तिला म्हटलं, "तुझा फोन घे. आमची जागा कधी बघितलीच नाहीस असं समज आणि खोली बुक कर. मी काही बोलणार नाही."

ती पडवीत बसली. पान उघडायला लागलं. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. तेवढ्यात तिने चहा गाळून आणला. मग फोटो एकेक करून वरून खाली उतरले.

"भाडं कुठं लिवलंय गो?"

तिने पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

भाडं तिला सापडलंच नाही. तिने बुकिंगचं पान उघडलं. त्यात आधी पूर्ण पत्ता मागितला होता, मग आधार नंबर. तिने माझ्याकडे पाहिलं. "आधार कशाला? मी नाय देणार." तरी माझ्यासाठी तिने पुढे रेटलं. तारीख निवडायचं कॅलेंडर उघडलं ते अख्ख्या पडद्यावर पसरलं आणि खालचं बटण त्याच्यामागे लपलं. तिने दोनदा बोट मारलं आणि फोन खाली ठेवला. "वहिनी, दुसरी कुणी असती ना, तर कवाच निघून गेली असती."

मला वाटलं होतं, चूक कळली की बरं वाटेल. उलट जास्त भीती वाटली. महिनोन्‌महिने आम्ही पैसे देऊन माणसं बोलावत होतो आणि ती या बटणापाशी येऊन परत जात होती.

शहापुरात घरून वेबसाइटची कामं करणारी एक मुलगी नणंदेच्या ओळखीची होती. तिने लॅपटॉपवर आमच्या वेबसाइटवर येणाऱ्यांचा माग दाखवला. बहुतेक लोक मोबाइलवरून येत होते. निम्म्याहून जास्त पान पुरतं उघडायच्या आतच जात. जे थांबत, ते तारखेपाशी अडत. आणि जे तेही पार करत, त्यांचे निरोप मावसभावाच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडत होते. ते खातं आता कुणी उघडतच नव्हतं.

"आत्ता बजेट वाढवलंत तर एवढंच होईल, की जास्त लोक इथूनच परत जातील," ती म्हणाली. "जाहिरात थोडे दिवस थांबवा. मी हे आधी नीट करते. मग पूर्वीच्याच बजेटवर परत सुरू करा, वाढवू नका. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही."

मी तिथूनच कल्याणला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, दिवाळीच्या तोंडावर बंद करताय. नंतर मला बोलू नका."

घरी येऊन मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि नाय आलं कोण, तर?"

खरी भीती मी त्यांना सांगितलीच नाही. वेबसाइट वाईट होती तोवर दोष तिच्यावर घालता येत होता. ती नीट झाली आणि तरी कुणी आलं नाही, तर याचा अर्थ आमची जागाच कुणाला नको आहे. मग बांधलेल्या खोल्यांचं काय करायचं?

ते दिवस फार वाईट गेले. मी भात झोडत होते आणि फोन कमरेला खोचलेला. रोज येणाऱ्यांचा आकडा जवळजवळ शून्य. शेजारच्या गावातल्या एका शेतघरासमोर गाड्या दिसल्या की मी त्या मोजायचे. शहापूरच्या मुलीने फोटो लहान केले, भाडं अगदी वर लिहिलं, आधार काढून टाकलं. फॉर्ममध्ये फक्त नाव, फोन आणि तारीख ठेवली. शेजारी व्हॉट्सअॅपचं बटण दिलं आणि निरोप थेट माझ्या फोनवर येतील असं केलं. तिने स्वतः चार-पाच वेगवेगळ्या फोनवरून तपासायला खोटी बुकिंग केली, आणि प्रत्येक वेळी माझा फोन वाजला की मी दचकून उठायचे.

जाहिरात परत सुरू केली, तेवढीच. संध्याकाळी फोन वाजला. मला वाटलं शहापूरची मुलगीच असेल, परत तपासत. कल्याणची एक बाई विचारत होती, "भाकरी चुलीवरची असते ना?" मी हो म्हटलं, आणि माझा आवाज इतका कापत होता की तिने विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

दिवाळीत चारही खोल्या भरल्या नाहीत. दोन भरल्या. ते दुरुस्तीमुळे की सणामुळे, हे तेव्हा सांगता येत नव्हतं. म्हणून आम्ही थांबलो. सण सरल्यावर, जाहिरातीचे पैसे तेवढेच असताना आणि वेबसाइटवर येणारी माणसंही जवळजवळ तेवढीच असताना, शनिवार-रविवारी विचारणा येतच राहिली. तेव्हा कुठे मालक म्हणाले, "आता थोडं वाढवून बघू." थोडंच वाढवलं.

अजूनही मी दर आठवड्याला नणंदेला सांगून एक खोटं बुकिंग करायला लावते. माझा फोन वाजेपर्यंत ते दोन-तीन क्षण मी हातातलं काम सोडून त्याच्याकडेच बघत राहते.