खलाशाची तहान

कतारच्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. नवरा दोह्याबाहेर एका स्टेडियमच्या साइटवर, आठवडाभर कंपनीच्या कॅम्पातच. मी दोह्यातल्या फ्लॅटमध्ये. आम्ही दोघं मिळून मुलांसाठी एक लांबलचक साहसकथा लिहीत होतो, वाळवंटात वाट चुकलेल्या खलाशाची. एक प्रकरण नवऱ्याचं, एक माझं.

साहसकथेत लेखकाची फजिती होते ती नायकाच्या अंगापायी. मागच्या प्रकरणात खांदा निखळलेला आणि पुढच्यात महाराज दोन्ही हातांनी दोर चढतायत! असल्या चुकांवर माझं डोकंच फिरतं. म्हणून नवऱ्याने साइटवरची शिफ्ट बदलतानाची रीत घरी आणली. प्रकरण संपलं की फोनवर खलाशाचं अंग दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं: कुठे लागलंय, जखम कितपत भरलीय, झोपला कधी, पाणी कधी प्यायला. आणि कारणाशिवाय दुखणं द्यायचं नाही.

उन्हाळा तापला तशी नवऱ्याची प्रकरणं बिघडायला लागली. मी खलाशाला विहिरीवर आणलं, पोटभर पाणी पाजलं, सावलीत झोपवलं. त्याच्या प्रकरणात गडी पुन्हा कोरडाठाक, पोटऱ्यांत गोळे. मी झापलं, त्याने मुकाट दुरुस्त केलं. पुढच्या खेपेला मळमळ. त्यानंतर लघवी चहाच्या रंगाची. म्हटलं, अरे, हा केव्हाचा उंटावर बसून आहे, ह्याला हे झालं कशाने? तर म्हणे, तूच घाल मागे कुठेतरी एखादी दगदग, खलास.

घालायची तर जागा शोधायला हवी, म्हणून मी मागची सगळी प्रकरणं काढून बसले. दगदग कुठेच बसेना. खलाशाला काही होण्याचं कारणच नव्हतं, मीच तर त्याला जपलं होतं. मग नवऱ्याची प्रकरणं तेवढी पुन्हा वाचली. मी फोन लावला.

"हे खलाशाचं आहे की तुझं?"

 तो म्हणाला, मोठा स्लॅब टाकायचा आहे, तो झाला की दाखवतो डॉक्टरला, इन्शाल्ला. मला असा संताप आला! स्लॅब गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि गाडी काढली. कॅम्पाच्या फाटकाशी तो उभा होता. भर दुपारी त्याचा हात कोरडा लागला, घामाचा टिपूस नाही, आणि दवाखान्याच्या वाटेत तो एकदाही माझ्या गाडी चालवण्यावर बोलला नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, कधीपासून होतंय? हा म्हणाला, कालपासून, थोडी थकान आहे. मी त्याला गप्प केलं आणि खलाशाचं अंग जसं माझ्या ताब्यात आलं होतं तसं क्रमाने सांगितलं: आधी गोळे, मग मळमळ, मग लघवीचा रंग, ह्याला आता तीन आठवडे झाले. डॉक्टर भराभर लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, शेवटची लघवी कधी झाली?

ते मला ठाऊक नव्हतं. तिथपर्यंत त्याने लिहिलंच नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं.

भिंतीकडे बघत तो मराठीत म्हणाला, "परवा."

डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले होते. ते ‘परवा’ हिंदीत मला सांगावं लागलं.